मेणाचे घर इटालियनमध्ये बांधताना

वरणगाव-भुसावळच्या घराघरांत चिमणी-कावळ्याची गोष्ट ऐकत मुले झोपी जातात. पण तेच नातवंड इटलीत वाढत असेल आणि त्याच्या कानाला इटालियनच अधिक सवयीची असेल, तर आजीची गोष्ट त्याच्यापर्यंत न्यायची कशी?

पहिली अडचण घरांचीच. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. मराठीत हे यमक सहज जुळते. इटालियनमध्ये मेणाला ‘चेरा’ म्हणतात; शेणासाठी असलेला ‘स्तेर्को’ हा शब्द पुस्तकी आहे, आणि मुलांच्या तोंडचा ‘काक्का’ हा शब्द आला की झोपेऐवजी हशा पिकतो. आपल्याकडे सारवणाच्या शेणाला जी स्वच्छतेची भावना चिकटली आहे, ती त्या शब्दात येत नाही. म्हणून कावळ्याला मातीचे, ‘तेर्रा’चे घर द्यावे. ‘तेर्रा’ आणि ‘चेरा’ यांत पूर्ण यमक नसले, तरी नाद जुळतो. मातीही पावसात वाहून जाते, त्यामुळे गोष्ट अडत नाही. शिवाय तिकडच्या गोष्टी ज्या ‘चेरा उना व्होल्ता’ने, म्हणजे ‘एकदा काय झाले’ने सुरू होतात, त्यातही हाच नाद असतो.

दुसरी अडचण लिंगाची. चिमणीसाठीचा रूढ शब्द ‘पास्सेरो’ पुल्लिंगी आहे, आणि त्याचे सरळ स्त्रीलिंगी रूप बोलीत अश्लील अर्थाने वापरले जाते. मुलाच्या कानी ते घालू नये. ‘माम्मा पास्सेरोत्ता’ म्हटले की ती लाडकी आई होते.

आवाज मात्र तिथल्या मुलांच्या ओळखीचेच हवेत. चिवचिवचे ‘चिप चिप’, काव कावचे ‘क्रा क्रा’, दारावरच्या टकटकचे ‘तोक तोक’. ‘धो धो’ला असा तयार जोडीदार नाही; तिथे ‘प्योवेवा, प्योवेवा, प्योवेवा’, म्हणजे ‘पाऊस पडत होता’ हेच तीनदा संथपणे म्हणावे. जड शब्द शोधण्यापेक्षा पुनरावृत्तीने पाऊस अधिक पडतो.

बाळाची अंघोळ ‘बान्येत्तो’ होते, झोप ‘नान्ना’. तीट मात्र वगळू नये. ‘काळा ठिपका’ एवढ्या साध्या शब्दांत ती सांगावी. मुलाने विचारलेच, तर पुढचे आजी सांगेल.

शेवटाबाबत निवड करावी लागते. काही घरांत कावळ्याला चुलीवर बसवून चटका देतात, काही घरांत दार उघडून आसरा देतात. अहिंसा मानणाऱ्या घराने दुसरा शेवट घ्यावा. झोपेच्या वेळीही तोच बरा.

मसुदा झाला की तो डोळ्यांनी तपासू नये, मोठ्याने वाचावा. वाचणाऱ्याची जीभ जिथे अडखळेल, तिथला शब्द बदलावा. आणि तिसऱ्या ‘तोक तोक’ला मूल आपणहून पुढचे वाक्य म्हणू लागले, की गोष्ट त्या भाषेत रुजली असे समजावे.