ती. बाबा, सौ. आई आणि घरातले सगळे

साताऱ्याची एक मुलगी १९७४ साली अमेरिकेत एम. एस. करायला गेली आहे असं धरून चालू. घरी आजी, आईवडील, काका-काकू, थोरला भाऊ, वहिनी, धाकटी बहीण आणि दादाचं दीड वर्षाचं मूल. ऑक्टोबरातल्या एका रविवारी ती निळा एअरोग्राम उघडते आणि वरच्या कडेला मधोमध 'श्री' लिहिते. उजवीकडे गाव आणि तारीख येते, आणि मग मजकुराला सुरुवात होते:

"ती. गं. भा. आजी, ती. बाबा व ती. सौ. आई यांस कृ. सा. न. वि. वि. ती. स्व. काका व सौ. काकू यांस सा. न. दादा व सौ. वहिनी यांस नमस्कार. चि. कु. माईस अनेक आशीर्वाद. चि. बाळास गोड पापा. मी येथे खुशाल आहे, काळजी नसावी."

हे पत्र मी बनवलं आहे, पण अशी सुरुवात असलेल्या पत्रांचे गठ्ठे महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांच्या ट्रंकांमध्ये अजून आहेत. नातवंडं ते उघडतात तेव्हा पहिल्या चार ओळी ओलांडून थेट 'काळजी नसावी' पासून वाचायला लागतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण घराविषयी सर्वांत जास्त त्या चार ओळींतच लिहिलेलं असतं.

आधी संक्षेप सोडवून घेऊ. 'ती.' म्हणजे तीर्थरूप आणि 'ती. स्व.' म्हणजे तीर्थस्वरूप. शाळेत शिकवलेला ढोबळ नियम असा, की जन्मदात्या आईवडिलांना तीर्थरूप लिहायचं आणि त्यांच्या ठिकाणी असलेल्या वडीलधाऱ्यांना, म्हणजे काका, मामा, सासू-सासरे यांना तीर्थस्वरूप. प्रत्येक घर हा नियम काटेकोरपणे पाळत नसे. 'कृ. सा. न. वि. वि.' हे 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष' याचं आखूड रूप. 'विनंती विशेष' म्हणजे नमस्कार झाला, आता मुख्य सांगणं ऐका. देवळात बायका साष्टांग घालत नाहीत, पण पत्रात मुलीही बिनदिक्कत 'साष्टांग नमस्कार' लिहीत, कारण मायना मुलगा-मुलगी न पाहता सगळ्यांना सारखाच शिकवला जाई. 'चि.' म्हणजे चिरंजीव. हे अक्षर लिहिणाऱ्यापेक्षा धाकट्याच्या नावामागे लागतं, आणि ते लावल्यावर नमस्कार नाही, आशीर्वाद द्यावा लागतो. घरी असताना माईशी वेणीच्या रिबिनीवरून भांडणारी बहीण पत्रात एकदम आशीर्वाद देणारी थोरली होते.

हा रिवाज फार जुना आहे. कोणाला कोणत्या पायरीने लिहावं याचे नमुने देणाऱ्या पुस्तिकांना मराठीत मेस्तक म्हणत. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्या नावावर असं एक मेस्तक सांगितलं जातं. राजदरबारातली ही शिस्त कारकुनांकडून आणि पुढे शाळेच्या व्याकरणातल्या पत्रलेखनाच्या धड्यातून घराघरात आली.

परदेशी शिकायला गेलेल्या मराठी मुलीचं पत्र म्हटलं की प्रथम आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ ते १८८६ या काळात त्या फिलाडेल्फियात वैद्यकशास्त्र शिकल्या. पण त्यांची म्हणून जी पत्रं आपण ओळखतो ती बहुतांशी पती गोपाळरावांना लिहिलेली. एका माणसाला लिहिलेल्या पत्राची घडण वेगळी असते. घरातल्या प्रत्येकाला एकेक करून हाक मारणारं पत्र हे अख्ख्या घरासाठी असतं आणि ते मोठ्याने वाचलं जाणार हे लिहिणारीला ठाऊक असतं.

मायना असा का लांबतो याचं उत्तर या मोठ्याने वाचण्यातच आहे. पाकिटावर नाव वडिलांचं असे. पोस्टमन पत्र देऊन गेला की ते संध्याकाळपर्यंत, बाबा कचेरीतून येईपर्यंत, न उघडता देव्हाऱ्यापाशी ठेवणारी घरं होती. मग सगळे जमत, एक जण वाचे आणि बाकीचे ऐकत. आजीला वाचता येत नसेल, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी असेल. वाचणाऱ्याच्या तोंडून आपलं नाव येणं हाच त्यांच्या वाट्याचा मजकूर. वहिनी लग्न होऊन नुकतीच आलेली असेल तर 'सौ. वहिनी यांस नमस्कार' या शब्दांना फार मोल. नणंद सातासमुद्रापलीकडून आपल्याला घरातली मानते, हे सासू-सासऱ्यांसमोर ऐकवलं गेलेलं असे.

म्हणूनच कुणी सुटलं तर ते लगेच कळे. 'काकूंचं नाव नाही यात' हे वाक्य कुणी बोललं नाही तरी काकूंच्या चेहऱ्यावर दिसे. पुढच्या उत्तरात आई हळूच लिही, 'काकूंना दोन ओळी वेगळ्या लिही.' पुष्कळदा खरं कारण कागदाचं असे. एअरोग्राम म्हणजे घडी घालून चिकटवायचा एकच पातळ ताव. त्यात दुसरा कागद घालायला परवानगी नसे, घातला तर पत्राचा पूर्ण दर भरावा लागे. अमेरिकेच्या टपालखात्याने तो १९४७ मध्ये सुरू केला, आणि साध्या विमानपत्रापेक्षा स्वस्त असल्याने विद्यार्थ्यांचा तोच आधार होता. साताऱ्याला पोचायला आठ-दहा दिवस लागत. एवढ्याशा जागेत मायन्यालाच पाच-सहा ओळी गेल्या की मुलीला अक्षर बारीक करावं लागे. शेवटी मजकूर समासातून उभा-आडवा फिरत जाई, आणि चिकटवायच्या पाळीवरही दोन वाक्यं बसवली जात. संक्षेपांचा एवढा सोस का, ते असा एक ताव हातात घेतल्यावर कळतं. 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष' पूर्ण लिहायचं तर दीड ओळ जाते.

नावांचा क्रमही उगाच नसतो. आमच्या नमुन्यात आजी बाबांच्या आधी आली, कारण घरात ती वयाने मोठी. आजोबा हयात असते तर त्यांचं नाव तिच्याही आधी आलं असतं. बाबांच्या पाठोपाठ आई आणि काकांच्या पाठोपाठ काकू येते. बाई जवळजवळ नेहमी नवऱ्याच्या मागून. आईने पहाटे उठून विमानतळावर न्यायच्या लाडवांचा डबा बांधला असेल, पण मायन्यात ती दुसरी किंवा तिसरीच. मात्र पुढचा मजकूर वाचा. प्रकृती, जेवण, थंडीचे कपडे, स्वेटरचं माप हे सगळं आईला उद्देशून असतं आणि बाबांच्या वाट्याला फी, बँक, परीक्षेचे गुण येतात. मायन्यात मान वडिलांना मिळे आणि जागा आईला.

ज्या गोष्टी सगळ्यांसमोर वाचता येणार नाहीत त्या या पत्रात येऊच शकत नसत. एकटेपणा, आजारपण, एखाद्या मुलाशी झालेली मैत्री यांसाठी मैत्रिणीच्या पत्त्यावर वेगळं पत्र जाई, किंवा ते मनातच राही. 'मी येथे खुशाल आहे' या शब्दांवर फार विसंबू नये असं मला वाटतं, कारण ते मायन्याचाच भाग आहेत. मुलगी तापाने पडलेली असली तरी ते लिहिले जात. खरी अवस्था शोधायची असेल तर दोन पत्रांमधलं अंतर बघावं. दर रविवारी लिहिणारीचं पत्र एकदम महिन्याने आलं, मायना पूर्ण आणि मजकूर चार ओळींचा, तर काहीतरी बिनसलं होतं.

लग्न झालेली मुलगी शिकायला गेली असेल तर गुंता वाढे. माहेरी एक, सासरी एक असे दोन एअरोग्राम जात. सासरच्या पत्रात 'ती. स्व. मामंजी व ती. स्व. सौ. सासूबाई' असा मायना, पुढे दीर, जावा, नणंदा. नवरा मागे भारतातच असेल तर त्याला या रांगेत कुठे बसवायचं हा पेच पडे. नाव घ्यायची पद्धत नाही आणि सासऱ्यांसमोर वाचल्या जाणाऱ्या पत्रात प्रेमाचा शब्द चालायचा नाही. त्याला वेगळं पाकीट पाठवलं तर त्याचीही चर्चा होई.

सर्वांत जड बदल एका अक्षराचा असे. वडील गेल्याची तार आली की पुढच्या पत्रात मायना बदलावा लागे: 'ती. बाबा' नाही, आणि 'ती. सौ. आई' च्या जागी 'ती. गं. भा. आई'. गंगाभागीरथी हे विधवेच्या नावामागचं रूढ संबोधन. पुष्कळ मुलींना ते लिहववत नसे. त्या नुसतं 'ती. आईस' लिहीत आणि पुढे सगळा जन्म तसंच लिहीत राहत. मला त्यांचं बरोबर वाटतं. आईची ओळख नवऱ्याच्या असण्या-नसण्यावरून करून देण्याची गरज मुलीला का असावी? एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' ऐवजी 'गं. भा.' वापरण्याचा प्रस्ताव तयार करायला सांगितला, तेव्हा महिला संघटनांनी त्याला विरोध केला. जुन्या पत्रांतल्या या दोन अक्षरांचा भार ज्यांनी सोसला आहे त्यांना तो विरोध समजावून सांगावा लागला नसेल.

टपालाच्या वेळामुळे याहून अवघड प्रसंग येत. मुलीने 'ती. स्व. काका यांस सा. न.' लिहून पत्र टाकलं आणि ते वाटेत असताना काका गेले. पत्र तेराव्याच्या आसपास पोचलं. आता वाचणाऱ्याने ती ओळ मोठ्याने वाचायची की गाळायची? अशा पत्राची तारीख आणि घरातल्या मृत्यूची तारीख शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय तो मायना नीट कळत नाही.

तुमच्या घरी असा गठ्ठा असेल तर आधी तारखेप्रमाणे लावा आणि फक्त मायने वाचत जा. कोणतं नाव कधी आलं, 'चि. कु. माई' ची 'चि. सौ. माई' कधी झाली, 'सौ.' कुठे गळलं, एखादा काका भाऊबंदकीच्या वाटणीनंतर यादीतून कायमचा कसा नाहीसा झाला, हे एका तासात दिसतं. निळा कागद घडीवर फाटतो, म्हणून तो सपाट उलगडून ठेवा आणि चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडून शाई खातो. 'माई' कोण, 'बाळ' कोणाचं हे सांगू शकणारं माणूस घरात असेल तर त्याला विचारून वेगळ्या वहीत पूर्ण नावं लिहून घ्या. दादाचा तो दीड वर्षाचा बाळ आता पन्नाशी ओलांडून गेला असेल आणि पत्रात त्याचं खरं नाव कुठेच नाही.