शंभर नाणी आणि एक कोंबडी

‘क्रॉसी रोड’मध्ये एक कोंबडी गाड्या, आगगाड्या आणि नद्या चुकवत पुढे पुढे जाते आणि कधीतरी चाकाखाली येते. खेळ एवढाच. ऑस्ट्रेलियातल्या मॅट हॉल आणि अँडी सम यांच्या ‘हिपस्टर व्हेल’ या छोट्या चमूने तो नोव्हेंबर २०१४ मध्ये फुकट आणला. पहिल्या ९० दिवसांत तो ५ कोटी वेळा डाउनलोड झाला आणि १ कोटी डॉलर मिळाले, त्यातले सुमारे ३० लाख व्हिडिओ जाहिरातींचे, असं त्यांनी पुढच्या मार्चमध्ये सांगितलं. जाहिरात दिसायची ती खेळाडूने स्वतः बटण दाबलं तरच.

हे जमलं कसं, ते समजायला गेममधल्या नाण्यांचा हिशेब पाहावा लागतो. खेळताना नाणी मिळतात. शंभर साठली की एका यंत्रात टाकायची आणि त्यातून कोंबडीऐवजी खेळायला एखादं नवं पात्र निघतं. कोणतं निघेल ते नशिबावर. डाव संपल्यावर अधूनमधून एक बटण दिसतं: जाहिरात बघा, थोडी नाणी घ्या. आणि एखादं पात्र आत्ताच हवं असेल, तर पैसे देऊन नेमकं तेच घेता येतं. म्हणजे जाहिरात बघणाऱ्याला मिळते आणखी एक सोडत, पैसे देणाऱ्याला मिळते निवड. विकत घेतलेलं पात्र रस्ता जास्त सहज ओलांडत नाही, त्यामुळे एक पैसाही न देणाऱ्याला आपण मागे पडलो असं वाटत नाही. माझ्या मते या गेमचं सगळं शहाणपण इथे आहे.

स्वतःचा गेम करणाऱ्याने हाच हिशेब आधी कागदावर मांडावा. समजा, एक डाव दोन मिनिटांचा आहे आणि त्यात सरासरी १० नाणी मिळतात. शंभर नाण्यांना दहा डाव, म्हणजे वीस मिनिटं लागतात. अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीला २० नाणी दिली, तर दोन डावांची मेहनत वाचते. बघावंसं वाटतं आणि खेळायचं कारणही उरतं. शंभर दिली, तर लोक गेम खेळायचं सोडून जाहिराती बघत बसतील. शिवाय तीच शंभर नाणी दुकानात रुपये मोजून कोण घेईल? उलट पाचच दिली, तर अर्धा डाव वाचवायला अर्धा मिनिट कोणी देणार नाही. दिवसाला चार-पाच जाहिरातींची मर्यादा घातली, की हा तोल सहसा टिकतो.

जागा चुकली तर मात्र आकडे बरोबर असूनही बिघडतं. कोंबडी मरते आणि खेळाडूचं बोट ‘पुन्हा खेळा’ दाबायला आपसूक खाली येतं. नेमकं तिथेच जाहिरातीचं बटण ठेवलं तर दाबलं जातं, पण चुकून. आकडे फुगतात आणि खेळाडू चिडतो. नवख्याला पहिल्या दोन-तीन डावांत हे बटण दाखवूच नये. नाण्यांचं काय करायचं हेच त्याला अजून माहीत नसतं.

सगळ्यात जास्त राग येतो तो जाहिरात पूर्ण बघून नाणी न मिळाल्याचा. गूगलच्या ‘अ‍ॅडमॉब’मध्ये बक्षीस मिळाल्याचा संदेश `onUserEarnedReward` वेगळा येतो आणि जाहिरात बंद झाल्याचा वेगळा. बंद झाल्याच्या संदेशावर नाणी दिली, तर मध्येच फुली मारणाऱ्यालाही ती मिळतात. बक्षिसाचा संदेश आला की नाणी लगेच फोनमध्ये साठवावीत, आकडा वाढल्याची गंमत मागाहून दाखवावी. जाहिरात आधीच उतरवून ठेवावी आणि ती तयार नसेल तर बटणच लपवावं. उतरवलेली जाहिरात तासाभराने शिळी होते, तेव्हा पुन्हा मागवावी लागते.

खरेदीतही असाच एक खड्डा आहे. गूगल प्लेवर पैसे भरल्यानंतर गेमने ‘वस्तू दिली’ अशी पोच तीन दिवसांत पाठवली नाही, तर पैसे आपोआप परत जातात. आणि फोन बदलल्यावर विकत घेतलेलं पात्र नव्या फोनवर आलं नाही, तर तो गिऱ्हाईक पुन्हा दुकानात पाऊल टाकत नाही.

सगळं नीट चाललंय की नाही, हे कमाईच्या आकड्यावरून कळत नाही. पहिल्या आठवड्यात तो वाढतोच. खेळाडूंचे दोन गट करावेत, एकाला बटण दाखवावं, दुसऱ्याला नाही, आणि सातव्या दिवशी कोणत्या गटातले किती जण परत आले ते मोजावं. बटणवाल्या गटातले कमी आले, तर आजची कमाई उद्याच्या खेळाडूंतून काढली जाते आहे.

काही गेममध्ये आपोआप येणाऱ्या जाहिराती बंद करण्याची खरेदीही असते. ती घेणाऱ्याचं बक्षिसाचं बटण अनेकदा सरसकट काढून टाकतात आणि पैसे दिलेल्याचीच नाणी कमी होतात. त्याचं बटण तसंच ठेवावं, आणि परवडत असेल तर दाबल्यावर व्हिडिओ न दाखवता २० नाणी देऊन टाकावीत.