४७ अंशांची साइन, कागद-पेन्सिलीने

लॉग टेबल वापरून ज्यांनी गणितं केली, त्यांना त्या पातळ पुस्तकातलं साइनचं कोष्टक आठवत असेल. डावीकडे अंश, वर सहा-सहा मिनिटांचे रकाने आणि उजव्या कडेला ‘मीन डिफरन्स’चे पाच छोटे रकाने. कोन रकान्यात नेमका सापडला नाही, तर उजवीकडचा आकडा शेवटच्या घरात मिळवायचा आणि पुढे जायचं. तो का मिळवायचा आणि मिळवल्यावर उत्तर किती चुकतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती मिळवणी म्हणजे टेलर बहुपदीची जवळजवळ पहिली पायरी होती, हे बरंच नंतर कळलं. ‘जवळजवळ’ अशासाठी, की कोष्टकात त्या ओळीपुरती सरासरी छापलेली असे.

कोष्टक बाजूला ठेवू आणि ४७ अंशांची साइन स्वतः काढू. ४५ अंशांची साइन आपल्याला पाठ आहे, ०.७०७१०६८. तिथली कोसाइनही तेवढीच. म्हणजे ओळखीच्या जागेपासून आपल्याला फक्त दोन अंश पुढे जायचं आहे. त्या ओळखीच्या जागेला केंद्र म्हणू आणि पुढे टाकलेल्या पावलाला h.

अगदी आळशी उत्तर म्हणजे ४५ अंशांचीच किंमत ४७ ला देऊन टाकायची. त्याहून बरं, की केंद्रापाशी आलेखाचा चढ किती आहे ते पाहायचं आणि तो चढ तसाच राहील असं धरून सरळ रेषेत पुढे जायचं. साइनचा चढ म्हणजे कोसाइन, तो इथे ०.७०७१०६८. पण साइनचा आलेख सरळ नाही, तो हळूहळू खाली वाकतो. तेव्हा चढ कोणत्या दराने बदलतो तेही हिशेबात घ्यायचं. तो दर म्हणजे दुसरा डेरिव्हेटिव्ह, उणे साइन. आपल्याला अशी बहुपदी हवी, जिची किंमत, चढ आणि चढ बदलण्याचा दर हे तिन्ही केंद्रापाशी साइनशी तंतोतंत जुळतील. h² चा डेरिव्हेटिव्ह दोनदा घेतला की २ उरतो, म्हणून h² च्या पदाला दोनाने भागावं लागतं. h³ ला तीनदा घेतला की ६ उरतो, म्हणून तिथे सहाने. क्रमगुणित भाजक येतात ते एवढ्याचसाठी. दोन घातांपर्यंत थांबलो तर बहुपदी अशी होते:

P(h) = ०.७०७१०६८ × (१ + h − h²/२)

आता पाऊल किती मोठं? इथे बरेच जण h = २ लिहितात आणि फसतात. ‘साइनचा चढ म्हणजे कोसाइन’ हे वाक्य कोन रेडियनमध्ये मोजला तरच खरं असतं. दोन अंश म्हणजे π भागिले ९०, ०.०३४९०६६ रेडियन. गंमत अशी, की चुकून h = २ ठेवलं तर कंसात १ + २ − २ येतं आणि उत्तर निघतं ०.७०७१०६८. दिसायला अगदी सभ्य आकडा! पण ४७ अंशांची साइन ४५ च्या साइनइतकीच कशी असेल? आणि मधली पायरी पाहिली, नुसत्या सरळ रेषेची, तर ती २.१२ दाखवते. साइन एकाच्या वर कधीच जात नाही. मधल्या पायऱ्या कागदावर लिहून ठेवायच्या त्या अशी चोरी सापडावी म्हणून.

बरोबर पाऊल घातलं की चढामुळे ०.०२४६८२७ मिळवले जातात, वाकण्यामुळे ०.०००४३०८ वजा होतात आणि उत्तर येतं ०.७३१३५८७.

पण यातले किती अंक खरे? कॅल्क्युलेटर काढून ताडून पाहिलं तर हा सगळा खटाटोपच व्यर्थ. खरं उत्तर माहीत नसतानाही चूक अमुकपेक्षा जास्त नाही असं छातीठोक सांगता आलं पाहिजे. टेलरच्या पद्धतीचा अवघड आणि माझ्या मते जास्त मोलाचा भाग तोच. वर्गात मात्र तो घाईत उरकला जातो.

खरी साइन आणि आपली बहुपदी यांच्यातला फरक म्हणजे एक गाडी समजा आणि h म्हणजे वेळ. केंद्रापाशी किंमत जुळलेली आहे, म्हणजे गाडी शून्यावर उभी आहे. चढही जुळलेला, म्हणजे वेग शून्य. चढ बदलण्याचा दरही जुळलेला, म्हणजे प्रवेगही शून्य. मग ती मुळात हलते कशामुळे? प्रवेग बदलतो म्हणून. तो बदलण्याचा दर म्हणजे साइनचा तिसरा डेरिव्हेटिव्ह, उणे कोसाइन. वर्गबहुपदीचा तिसरा डेरिव्हेटिव्ह शून्य असतो, त्यामुळे तिच्याकडून यात काहीच भर पडत नाही. हा दर सगळ्या वाटेवर M पेक्षा कधीच जास्त नसेल, तर h इतक्या वेळानंतर प्रवेग फार तर M × h, वेग फार तर M × h²/२ आणि गाडीने तोडलेलं अंतर फार तर M × h³/६. ते अंतर म्हणजेच आपली चूक.

पुस्तकात हेच असं मांडलेलं असतं: शेष म्हणजे बहुपदीचं पुढचं पद, फक्त त्यातला डेरिव्हेटिव्ह केंद्रापाशी न घेता केंद्र आणि आपला बिंदू यांच्या मधल्या कुठल्यातरी c या जागी घ्यायचा. ही c नक्की कुठे आहे ते प्रमेय सांगत नाही. विद्यार्थी ती शोधत बसतात. ती शोधायचीच नसते, वाटेवरची सर्वांत वाईट जागा धरून चालायचं असतं.

आपल्या वाटेवर, ४५ ते ४७ अंशांत, कोसाइन सर्वांत मोठी ४५ लाच आहे. म्हणून M = ०.७०७१०६८ आणि चुकीची कमाल मर्यादा ०.००००५०१ च्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे ०.०००००५०१. आळस करून M = १ धरला असता तरी चाललं असतं, मर्यादा ०.०००००७०९ झाली असती, थोडी सैल पण खरी. प्रत्यक्ष किंमत ०.७३१३५३७ आहे आणि चूक ०.०००००४९७. मर्यादेच्या आत, पण अगदी काठावर.

हा काठ महत्त्वाचा. आता उलट दिशेला, ४३ अंशांकडे जाऊ. बहुपदी तीच, फक्त h उणे. उत्तर येतं ०.६८१९९३३. मर्यादा मघाचीच, ०.०००००५०१, असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण खरी चूक आहे ०.०००००५०६. हमी मोडली! कारण सरळ आहे. मागे जाताना कोसाइन वाढते, तेव्हा वाटेवरची सर्वांत वाईट जागा ४५ नसून ४३ आहे आणि M तिथला घ्यायला हवा होता. तिथली कोसाइन माहीत नाही ना? मग १ धरा. सैल मर्यादा लाजिरवाणी नसते, खोटी असते. उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच असते: M केंद्रापाशी मोजायचा आणि बाकीची वाट बघायचीच नाही.

केंद्राची निवड किती फरक पाडते तेही पाहू. हीच साइन शून्य अंशांभोवतीच्या प्रसिद्ध मालिकेने काढायची म्हटली तर पाऊल ०.८२ रेडियनचं होतं आणि एवढीच अचूकता मिळवायला सातव्या घातापर्यंत जावं लागतं. तरी साइन गुणी आहे. तिचे डेरिव्हेटिव्ह कधीच एकाच्या वर जात नाहीत आणि भाजकातलं क्रमगुणित शेवटी जिंकतंच. नैसर्गिक लॉगरिदमचं तसं नाही. १ हे केंद्र धरून ३ चा लॉग काढायला घ्या. एकेक पद वाढवत गेलं की उत्तरं येतात २, ०, २.६७, −१.३३, ५.०७. खरी किंमत १.०९८६. इथे डेरिव्हेटिव्हही क्रमगुणितानेच वाढतात, त्यामुळे भाजकाचा जोर संपतो आणि उरतात ते दोनाचे वाढते घात. पदं वाढवून इथे काही होणार नाही, केंद्रच जवळ आणायला हवं.

ब्रूक टेलर यांनी आपलं पुस्तक १७१५ साली छापलं, पण त्यात शेष किती याचा हिशेब नव्हता. वर सांगितलेलं शेषाचं रूप लाग्रांज यांनी १७९७ मध्ये दिलं. आणि केंद्रापासून दोन घातांपर्यंत दुरुस्ती करण्याची रीत केरळात त्याआधी कितीतरी वर्षं वापरात होती. चौदाव्या शतकातल्या संगमग्रामच्या माधवांच्या नावावर ती सांगितली जाते, नीलकंठ सोमयाजींच्या लेखनातून ती आपल्यापर्यंत आली. काटकोनाचे २४ समान भाग करून प्रत्येकाची ज्या कोष्टकात दिलेली, म्हणजे दर ३ अंश ४५ कलांना एक नोंद. मधला कोन आला की जवळची नोंद केंद्र धरायची, चढाची दुरुस्ती मिळवायची, वाकण्याची वजा करायची. आपण केलं तेच.

आपली मर्यादा या कोष्टकाला लावून पाहण्यासारखी आहे. जवळची नोंद जास्तीत जास्त १ अंश ५२.५ कलांवर असणार, म्हणजे h फार तर ०.०३२७२. M = १ धरला तर चूक ०.०००००५८४ च्या आत. माधवांची त्रिज्या सुमारे ३४३८ कलांची होती. तिने गुणलं की येतात ०.०२ कला, सव्वा विकलेहूनही कमी. ही चूक फक्त पद्धतीची झाली, नोंदींतली वेगळी.

वाचकांना एक गणित देतो, मोबाइलला हात न लावता करा. २५ हे केंद्र धरून २६ चं वर्गमूळ दोन घातांपर्यंत काढा. उत्तर ५.०९९ यायला हवं आणि चुकीची मर्यादा ०.००००२. मग त्याच केंद्रावरून २४ चं वर्गमूळ काढा आणि मर्यादा लिहिण्याआधी M कुठल्या टोकाला घ्यायचा ते ठरवा. तिथेही ०.००००२ च लिहिलंत तर ती हमी मोडेल.