एजन्सी, फ्रीलान्सर की दुकानातला माणूस?

कोपरगावातल्या एका साडी दुकानदार काकांनी परवा विचारलं, "जाहिरातीला एजन्सी लावू का?" मी हेच काम करतो, म्हणून त्यांच्यासोबत आधी हिशेब मांडला.

समजा एजन्सीची फी महिना २०,००० आणि जाहिरातीचा खर्च १५,०००. एकूण ३५,०००. साडीवर २५ टक्के नफा सुटत असेल, तर हा खर्च निघायलाच १,४०,००० ची जास्तीची विक्री हवी. २,००० ची साडी धरली तर दरमहा ७० साड्या, त्याही नेहमीच्या गिऱ्हाइकांव्यतिरिक्त! येवला आणि शिर्डीच्या बाजारपेठा जवळ असताना हे सोपं नाही.

मग मी विचारलं, काम नक्की कुठे अडतं? ते म्हणाले, नव्या मालाचे फोटो वेळेवर निघत नाहीत आणि व्हॉट्सॲपवर "किंमत काय?" विचारणाऱ्याला संध्याकाळी उत्तर जातं. हे बाहेरून होणारं काम नाही. त्यासाठी काउंटरवरच्याच चटपटीत मुलीला रोज दोन तास मोकळे द्या, पगार थोडा वाढवा.

दिवाळी आणि लग्नसराईत जाहिराती चालवायला फ्रीलान्सर घ्या, तेवढ्या महिन्यांपुरताच. एजन्सीचा विचार दुसरी शाखा किंवा ऑनलाइन विक्री सुरू झाल्यावर.

एक मात्र पाळाच. फेसबुक पेज, जाहिरात खातं आणि गूगलवरची दुकानाची नोंद तुमच्याच नावावर ठेवा. बाहेरच्याला फक्त ॲक्सेस द्या, पासवर्ड नको. नाहीतर माणूस सोडून गेला की खातंही हातचं जातं.

तुमच्या दुकानाचा हिशेब करायचा असेल तर नफ्याची टक्केवारी कमेंटमध्ये लिहा.