नखांवरचे डाग, रेघा आणि खळगे

मंडळात एकीच्या बोटावर पांढरा ठिपका दिसला की दुसरी लगेच म्हणते, "कॅल्शियम कमी पडतंय गं!" मग गोळ्या सुरू होतात, आणि दोन-तीन महिन्यांनी ठिपका गेला की श्रेय गोळ्यांना मिळते. खरे तर तो ठिपका गोळ्या न घेताही गेला असता.

नख मुळाशी, त्वचेखाली तयार होते आणि हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर पुढे सरकते. मुळाला बारीकसा मार बसला, दारात बोट चेमटले किंवा नखाच्या कडेची कातडी ओरबाडली, तर त्या दिवशी बनत असलेल्या नखात दोष राहतो आणि तोच पुढे पांढरा दिसतो. त्यामुळे ठिपका पाहून मार कधी बसला याचा अंदाज बांधता येतो. ठिपका कातडीच्या कडेपासून ६ मिलिमीटरवर असेल, तर मार दोन महिन्यांपूर्वीचा किंवा थोडा आधीचा. तेव्हा लागलेले आठवत नसले तरी नवल नाही, इतका तो किरकोळ असतो. ठिपका पुढे सरकतो की नाही, एवढे मात्र पाहावे.

नखांवरच्या उभ्या रेघा वयाबरोबर येतात, चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसारख्या. पन्नाशीनंतर त्या बहुतेकांना असतात आणि त्यावर टॉनिक घेण्याचे कारण नाही. अपवाद एकच: एकाच नखावर काळपट-तपकिरी उभा पट्टा नव्याने आला किंवा रुंद होत गेला, तर त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवावे.

आम्हाला जास्त सांगायचे आहे ते चमच्यासारख्या नखांबद्दल, कारण त्यांच्याकडे कोणी बघत नाही. यात नख मधे खोल जाते आणि कडा वर उचलल्या जातात. नेलपॉलिश काढून नखावर पाण्याचा थेंब सोडा. तो ओघळला नाही, खळग्यात बसून राहिला, तर नख चमच्यासारखे झाले आहे. तान्ह्या बाळांच्या पायाच्या नखांना असा आकार असणे स्वाभाविक आहे आणि तो आपोआप जातो. सतत साबणाच्या पाण्यात हात असणाऱ्यांनाही असे होऊ शकते. पण मोठ्या माणसाच्या अनेक बोटांवर ते दिसले, तर पहिला संशय लोहाच्या कमतरतेचा.

एक नमुना उदाहरण घेऊ. वय ४३, पाळीत रक्तस्राव जास्त, जिना चढताना धाप लागते, बर्फ चघळावासा वाटतो (हेही लोह कमी असल्याचे लक्षण असते). तपासणीत हिमोग्लोबिन ८.६. स्त्रियांमध्ये ते १२ च्या खाली गेले तर रक्तक्षय मानतात. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तो ६. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर साठा संपलाच म्हणायचा. फेरिटिन करून घेणे महत्त्वाचे, कारण साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन मागाहून घसरते.

डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, लोह शोषले जात नाही. शौच काळसर होते, घाबरू नये. महिन्याभरात हिमोग्लोबिन वाढलेले दिसायला हवे, पण ते १२ वर गेले म्हणून गोळ्या थांबवायच्या नाहीत. साठा भरायला आणखी सुमारे तीन महिने लागतात. नख मात्र सगळ्यांत उशिरा सुधारते. मुळाशी नवे, सपाट नख दिसू लागते आणि जुना खळगा टोकापर्यंत जायला सहा महिने जातात, म्हणून नखाकडे बघून औषधाची परीक्षा करू नये. रक्त का जाते, याचाही शोध व्हायला हवा. पुरुषांत आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत तर आधी पोट व आतड्यांतून रक्तस्राव होतो का, ते पाहतात.

आपल्याकडच्या सकाळच्या पोह्यांवर लिंबू पिळतो ते उत्तम, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगले शोषले जाते. सोबतचा चहा मात्र तासभर पुढे ढकलावा. हे सांगितले की घरोघरी कुरकुर होते, ठाऊक आहे.

राहिली बुरशी. ती बहुधा पायाच्या नखाला धरते, अंगठ्याला जास्त. नख जाड, पिवळट होते, टोकाकडून भुसभुशीत होऊन खालून भुगा पडतो. पांढरा डाग पुढे न सरकता पसरत असेल, खरवडल्यावर पावडर निघत असेल, तरी बुरशीच समजून चालावे. पण बुरशीसारखे दिसणारे प्रत्येक नख बुरशीचे नसते, सोरायसिसमध्ये आणि अपुऱ्या मापाच्या बुटांमुळेही तसेच दिसते. पोटातून घ्यायची औषधे काही महिने चालतात आणि यकृतावर परिणाम करू शकतात. म्हणून ती सुरू करण्याआधी नखाचा कीस प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. मलम बंद करून काही दिवस झाल्यावर नमुना दिला, तर अहवाल अधिक भरवशाचा येतो.