भेटीनंतर कारखानदाराला पाठवायचा निरोप

भोसरी एमआयडीसीतल्या दहा-बारा माणसांच्या मशीन शॉपमध्ये उमेदवारीची जागा रिकामी नसते. ती करावी लागते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांनुसार तीस किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसे असतील, तर तो मालकाच्या मर्जीचा प्रश्न. त्यामुळे आयटीआय झालेला मुलगा गेटवरून आत जाऊन मालकाशी प्रत्यक्ष बोलून आला, तरी मालकाच्या डोक्यात त्याच्यासाठी कोणता रकाना तयार नसतो. भेटीनंतर मोबाइलवर पाठवलेला निरोप हा रकाना तयार करतो. तो तसा लिहिलेला असेल तर.

भेट कशी होते हे पाहिले, की निरोपाची गरज कळते. मशीन चालू, कंप्रेसरचा आवाज, टेम्पो डिस्पॅचसाठी उभा. मालक उभ्या उभ्या चार प्रश्न विचारतो आणि म्हणतो, ‘बघू, नंबर देऊन ठेव.’ त्यानंतर दिवसभरात मटेरियल येते, एखादा जॉब रिजेक्ट होतो, आणि मुलगा कोणत्या शिफ्टला येऊ शकतो म्हणाला होता ते विसरले जाते. महिन्याभराने एखादा ऑपरेटर काम सोडतो, तेव्हा मालक फोनमध्ये ‘टर्नर’ किंवा ‘आयटीआय’ असे टाकून शोधतो. त्या वेळी जो निरोप सापडेल, त्यातच सगळी माहिती असायला हवी. व्हॉइस मेसेज इथे निरुपयोगी ठरतो: शॉपफ्लोअरवर तो ऐकू येत नाही आणि नंतर शोधताही येत नाही.

बहुतेक मुले असा निरोप पाठवतात: ‘सर मी आज येऊन गेलो, मला कामाची खूप गरज आहे, कोणतेही काम करेन, कधीही येऊ शकतो.’ यातली अडचण शेवटच्या दोन गोष्टींत आहे. ‘कोणतेही काम’ म्हटल्यावर मालक त्याला हेल्पर धरतो. बर काढायला आणि जॉब पुसायला घेतलेला मुलगा मशीनपर्यंत पोचेलच असे नाही. ‘कधीही’ या शब्दावर तर शिफ्टचा तक्ता लावता येत नाही.

दिघीत राहणाऱ्या, दोन वर्षांचा टर्नर ट्रेड पूर्ण केलेल्या एका कल्पित उमेदवाराचे उदाहरण घेऊ. शॉपमध्ये दोन सीएनसी लेथ आणि एक साधा लेथ आहे. भेटीत मालकाने सांगितले, की पहिली शिफ्ट सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा, आणि बुशचा बोअर मापायला भरवशाचा माणूस नाही. उमेदवार संध्याकाळी सीएनसी प्रोग्रॅमिंगच्या क्लासला जातो. त्याच दिवशी त्याने पाठवायचा निरोप असा असू शकतो:

‘नमस्कार साहेब. आज सकाळी अकराच्या सुमारास शॉपवर भेटून गेलो, आयटीआय टर्नर, दिघी. आपण बुशचा जॉब दाखवलात. मला एक वर्षाच्या अप्रेंटिसशिपची जागा हवी आहे. व्हर्निअर आणि मायक्रोमीटरवर काम केले आहे. बोअर गेज वापरलेले नाही, शिकावे लागेल. 1 सप्टेंबरपासून रोज पहिल्या शिफ्टला येऊ शकतो, रविवारीही. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी सहाला क्लास आहे, तो 31 ऑक्टोबरला संपतो. त्यानंतर दुसरी शिफ्टही चालेल. राहतो दिघीतच, स्वतःची सायकल आहे. apprenticeshipindia.gov.in वर माझी नोंदणी झालेली आहे. मार्कलिस्ट घेऊन कधी येऊ ते सांगावे.’ खाली पूर्ण नाव आणि नंबर.

यात सर्वांत जास्त जागा वेळेला दिली आहे, आणि ते योग्यच आहे. कोणत्या तारखेपासून, कोणती शिफ्ट, कोणती अडचण आणि ती कधी संपते, या गोष्टी कळल्या की मालकाला हा मुलगा कुठे बसवायचा ते ठरवता येते. अडचण लपवली तर ती कामाच्या पहिल्याच आठवड्यात उघडी पडते, कारण छोट्या शॉपमध्ये एक माणूस लवकर निघाला तर एक मशीन थांबते. रविवारचा उल्लेखही उगाच नाही. भोसरीत साप्ताहिक सुट्टी साधारणपणे गुरुवारी असते, रविवारी मशीन चालू असतात. कॉलेजची सवय असलेली मुले रविवार गृहीत धरून चालतात, आणि मालकाला तो अनुभव अनेकदा आलेला असतो. निरोपातली वेळ भेटीत सांगितलेल्या वेळेशी जुळलीच पाहिजे. मधल्या काळात काही बदलले असेल, तर ‘भेटीत दुसरी शिफ्टही जमेल म्हणालो होतो, पण क्लासमुळे ऑक्टोबरअखेर जमणार नाही’ असे स्पष्ट लिहावे. गुपचूप बदललेली वेळ मालकाच्या लक्षात राहते.

उत्साहात ‘ओव्हरटाइमही करेन’ असे मात्र लिहू नये. अप्रेंटिसकडून ओव्हरटाइम करून घ्यायला शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची परवानगी लागते, म्हणजे मालक ते सहजासहजी स्वीकारूही शकत नाही.

‘अप्रेंटिसशिप’ हा शब्द निरोपात स्पष्ट येणे गरजेचे आहे, कारण छोट्या कारखान्यात ‘ट्रेनी’ म्हणजे पुष्कळदा नोंद नसलेला, कमी पगाराचा कामगारच असतो. नोंदणीकृत उमेदवारीत पोर्टलवर करार होतो, ठरलेले विद्यावेतन मिळते आणि शेवटी परीक्षा देता येते. मालकाचाही त्यात फायदा आहे: राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त 1,500 रुपये, केंद्र सरकार उचलते. अनेक छोट्या मालकांना हे ठाऊक नसते किंवा नोंदणीची कटकट नको वाटते. तरी पहिल्याच निरोपात योजना समजावून सांगू नये. अनोळखी मुलाने शिकवल्यासारखे ते वाटते. आपली नोंदणी झालेली आहे एवढेच लिहावे. मालकाने विचारले की मग पुढचे सांगता येते.

बोअर गेज वापरलेले नाही, हे वाक्य काहींना खटकेल. पण मापणारा माणूस खोटे बोलला तर पूर्ण लॉट परत येतो, हे मालकाला माहीत असते. जे येत नाही ते नाव घेऊन सांगणारा मुलगा त्याला मायक्रोमीटर येतो म्हणाला, तर त्यावर विश्वास बसतो.

आधार कार्डाचा फोटो या निरोपासोबत पाठवण्याचे कारण नाही. तो करार करताना लागतो. मार्कलिस्ट प्रत्यक्ष न्यावी, म्हणजे दुसऱ्या भेटीला निमित्त मिळते. निळ्या खुणा दिसूनही उत्तर आले नाही, तर त्याचा अर्थ नकार असा नसतो. आठवडाभराने एकदा लिहायला हरकत नाही, पण ‘सर काय झाले?’ असे नव्हे. त्यात काहीतरी नवीन असावे, जसे क्लासची तारीख आधी संपली किंवा आता बोअर गेज हाताळून पाहिला. त्यालाही उत्तर नसेल, तर गुरुवार सोडून एखाद्या दिवशी, डिस्पॅचची संध्याकाळची घाई टाळून, स्वतः जाऊन यावे. आणि दरम्यान दुसरीकडे जागा मिळाली, तर या मालकाला एका ओळीत तसे कळवावे, म्हणजे तो शिफ्टच्या तक्त्यात या मुलाला धरून चालणार नाही.