'रडार' कायम, 'रेझिस्टन्स'ला मात्र पर्याय

दिल्लीलगतच्या गाझियाबाद येथे भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड ही केंद्र सरकारची कंपनी रडार तयार करते. राजभाषा नियम, १९७६ मधील अकराव्या नियमानुसार केंद्रीय कार्यालयांच्या व अशा कंपन्यांच्या कार्यपुस्तिका हिंदी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत काढाव्या लागतात. मग 'रडार'ला हिंदीत काय म्हणावे?

रडारच. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोगाच्या तत्त्वांनुसार रडार, पेट्रोल असे जगभर रूढ झालेले शब्द आणि अँपिअरसारखी व्यक्तिनामांवरून आलेली एकके तशीच ठेवली जातात. संकल्पनावाचक शब्दांचा मात्र अनुवाद होतो.

'व्होल्टेज मोजा, रेझिस्टर बदला' ही साधी सूचना घ्या. 'रेझिस्टन्स' ही संकल्पना असल्याने हिंदीत 'प्रतिरोध' आला. त्यावरून सुट्या भागासाठी 'प्रतिरोधक' आणि पदार्थाच्या गुणासाठी 'प्रतिरोधकता' हे शब्द सहज सिद्ध होतात. घडवलेल्या शब्दाचा खरा लाभ हाच. धोकाही तेथेच आहे. 'प्रतिरोधक'मधील शेवटचा 'क' छपाईत गळला, तर तंत्रज्ञाने भाग बदलायचा की मोजमाप घ्यायचे, हे कळत नाही.

'व्होल्टेज'साठी आयोगाने 'वोल्टता' हा संकर केला. व्होल्टा या शास्त्रज्ञाचे नाव राखून त्याला संस्कृत प्रत्यय जोडला. शब्द तर्कशुद्ध आहे, पण कारागिराच्या तोंडी 'वोल्टेज'च असते. दोहोंपैकी कोणताही चालेल. मात्र एका पानावर एक व पुढच्या पानावर दुसरा आल्यास वाचकाला त्या दोन वेगळ्या राशी वाटतात. यंत्राच्या बटणावर RESET असे छापलेले असेल, तर पुस्तिकेतही तीच अक्षरे हवीत.